सकाळच्या पहिल्या पावलांना होणारी टाचदुखी: व्यायाम, पादत्राणे आणि बरे होण्याचा काळ

प्रश्न: मी ४६ वर्षांची शिक्षिका आहे, वर्गात रोज पाच-सहा तास उभी असते. वजन कमी करण्यासाठी सहा महिन्यांपूर्वी रोज सकाळी तासभर चालायला सुरुवात केली. गेले चार महिने सकाळी पलंगावरून उतरून पहिली पावले टाकताना उजव्या टाचेत सुरी खुपसल्यासारखे दुखते. दहा-पंधरा मिनिटांत कमी होते, पण शाळेतून आल्यावर बसून उठले की पुन्हा तेच. एक्स-रेमध्ये टाचेचे हाड वाढलेले दिसले. दोन आठवडे सुट्टीत विश्रांती घेतली तेव्हा बरे वाटले, चालणे सुरू केल्यावर दुखणे परत आले. कोणते व्यायाम करावेत, पायात काय घालावे आणि हे बरे व्हायला किती दिवस लागतील?

उत्तर:

तुम्ही सांगितलेली लक्षणे प्लांटर फॅसिआयटिस या विकाराची आहेत, आणि ती इतकी ठळक आहेत की या विकाराचे निदान बहुतेक वेळा अशा वर्णनावरून आणि बोटाने दाबून पाहूनच केले जाते. खात्री करून घ्यायची असेल तर खुर्चीवर बसून उजवा पाय डाव्या मांडीवर घ्या, डाव्या हाताने पायाची बोटे नडगीच्या दिशेने मागे ओढून धरा आणि उजव्या हाताच्या अंगठ्याने टाचेच्या गादीची पुढची, आतल्या बाजूची कड दाबत जा. जेथे टाच संपते आणि तळव्याची कमान सुरू होते, तेथे आतल्या बाजूला एका ठरावीक ठिकाणी दाबल्यावर तुमचे ओळखीचे दुखणे उमटले, तर शंकेला फारसा वाव उरत नाही. दुखणे नेमके टाचेच्या मध्यभागी, मागच्या बाजूला किंवा टाच दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबल्यावर येत असेल, तर मात्र कारण वेगळे असू शकते. त्याविषयी शेवटी लिहिले आहे.

वाढलेल्या हाडाची काळजी आधी बाजूला ठेवा. टाचेच्या हाडाला पुढे आलेला असा काटा कधीही टाच न दुखलेल्या अनेक लोकांच्या एक्स-रेतही दिसतो आणि वयाबरोबर त्याचे प्रमाण वाढत जाते. उलट, ज्यांना हा विकार आहे अशा कित्येकांच्या एक्स-रेत काटा मुळीच नसतो. ज्यांचे दुखणे पूर्ण बरे होते त्यांचा काटा जागच्या जागीच राहतो, यावरून दुखण्याचे मूळ तेथे नाही हे स्पष्ट होते. ‘हाड टोचते आहे’ या कल्पनेने रुग्ण पाऊल टेकवायलाच घाबरू लागतो, आणि ही भीती उपचाराच्या आड येते, म्हणून हे एवढे स्पष्टपणे सांगावे लागते.

दुखतो तो तळव्यातला एक जाड, चिवट पट्टा. हा पट्टा टाचेच्या हाडाच्या तळाशी, आतल्या बाजूस उगम पावतो, तळव्याच्या कमानीखालून पुढे जातो आणि पाच भागांत विभागून बोटांच्या मुळाशी पोहोचतो. चालताना टाच उचलली जाते आणि बोटे जमिनीवर टेकलेली राहून वरच्या दिशेने वाकतात, तेव्हा हा पट्टा बोटांच्या मुळाशी गुंडाळला जाऊन ताणला जातो, कमान उंचावते आणि पाऊल ताठ होऊन शरीर पुढे ढकलू शकते. म्हणजे प्रत्येक पावलाला हा पट्टा एकदा ताणला जातो आणि त्या ताणाचा सर्वांत मोठा वाटा टाचेजवळच्या उगमस्थानावर येतो. रात्री झोपेत पाऊल सहसा खाली झुकलेले, बोटे सैल सोडलेली अशा स्थितीत असते. पोटरी आणि तळवा दोन्ही आखडलेल्या अवस्थेत तासन्‌तास राहतात. सकाळी पाऊल टेकवताच त्याच आखडलेल्या पट्ट्यावर एकदम संपूर्ण शरीराचे वजन येते. काही मिनिटे चालल्यावर तो थोडा सैलावतो आणि दुखणे उतरते. शाळेतून आल्यावर बसून उठताना होणारे दुखणे हे याच क्रियेचे छोटे रूप आहे.

या पट्ट्याच्या दुखऱ्या भागाचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा त्यांत दाहापेक्षा झिजेच्या खुणा प्रामुख्याने आढळल्या: तंतूंची विस्कटलेली मांडणी, अपुरी राहिलेली दुरुस्ती आणि जाड झालेला पट्टा. निरोगी पट्टा सोनोग्राफीत साधारणपणे ४ मिलिमीटरपेक्षा कमी जाडीचा दिसतो. या विकारात तो त्याहून जाड झालेला असतो. तुमच्या विश्रांतीचा गुण टिकला नाही याचे उत्तर येथे मिळते. दोन आठवडे भार कमी झाल्यावर दुखणे शांत झाले, परंतु त्या काळात पट्ट्याची ताकद वाढली नाही, आणि सुट्टी संपताच त्याच्यावर वर्गातले पाच-सहा तास आणि सकाळचा एक तास हे दोन्ही पूर्वीइतकेच ओझे आले. माझ्या मते तुमच्या बाबतीत उभे राहणे हे जुने कारण आहे आणि त्यावर अचानक आलेले रोजचे तासभर चालणे हे निमित्त. चालायला लागल्यावर दोन महिन्यांनी दुखणे सुरू झाले, हा क्रमही त्याच दिशेने बोट दाखवतो.

म्हणून उपचाराचे सूत्र असे ठेवावे लागते: पट्ट्यावरचा भार त्याला आज पेलेल इतका खाली आणायचा आणि नंतर व्यायामाने त्याची पेलण्याची शक्ती हळूहळू वाढवत न्यायची. किती भार पेलतो हे मोजायचे साधन तुमच्याकडे आहेच, ते म्हणजे दुसऱ्या दिवशीची पहिली दहा पावले. रोज सकाळी उठल्यावर त्या दहा पावलांच्या दुखण्याला शून्य ते दहा यांमधला एक अंक द्या आणि वहीत लिहून ठेवा. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे पाऊल टेकवताच येत नाही. हा अंक आदल्या दिवशीच्या श्रमांचा हिशेब सांगतो. समजा सोमवारी सकाळी अंक पाच होता आणि मंगळवारीही पाच किंवा चार आला, तर सोमवारी जितके चाललात आणि जितका व्यायाम केलात तितका पायाला मानवला. मंगळवारी तो सात झाला, तर सोमवारी काहीतरी जास्त झाले आणि त्या आठवड्यात तेवढे कमी करायचे. दिवसा चालताना जाणवणाऱ्या दुखण्यावरून हा निर्णय करू नये, कारण पाय गरम झाल्यावर दुखणे दबते आणि रुग्णाला वाटते की आज सगळे ठीक आहे.

आता ताणाचे व्यायाम. पहिला व्यायाम पलंगावरून पाय खाली टेकवण्याच्या आधी करायचा आहे. जाग आल्यावर उठून बसा, उजवा पाय डाव्या मांडीवर घ्या, पाचही बोटांच्या मुळांशी हाताने पकड घ्या आणि बोटे नडगीच्या दिशेने मागे ओढा; तळव्याच्या कमानीत ताण जाणवला पाहिजे. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने कमानीवर हलके दाबून पाहिले की पट्टा तारेसारखा ताठ लागतो, आणि तो तसा लागला म्हणजे व्यायाम योग्य जागी होतो आहे असे समजावे. या स्थितीत १० सेकंद थांबा, सैल सोडा, आणि असे १० वेळा करा. दिवसातून तीनदा हा व्यायाम करायचा आहे: सकाळी उठताना, आणि जेव्हा बराच वेळ बसून उठायचे असेल तेव्हा उठण्याच्या आधी. शिक्षकांच्या खोलीत खुर्चीवर बसूनही तो सहज होतो. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात जुनाट टाचदुखीच्या रुग्णांना याच पद्धतीने हा ताण दिला होता आणि आठ आठवड्यांनंतर फक्त पोटरीचा ताण करणाऱ्यांपेक्षा त्यांना सकाळच्या दुखण्यात अधिक आराम पडला होता.

या व्यायामात दोन चुका वारंवार दिसतात. पहिली म्हणजे बोटांची टोके धरून ओढणे; त्यामुळे बोटांचे सांधे वाकतात पण पट्टा ताणला जात नाही, म्हणून पकड बोटांच्या मुळाशी, चवड्याला लागून असावी. दुसरी म्हणजे पलंगावरून उतरल्यावर, दुखरी पावले टाकून झाल्यावर व्यायाम करणे. त्या वेळेपर्यंत ज्या धक्क्यापासून पट्ट्याला वाचवायचे तो बसून गेलेला असतो. व्यायाम झाल्यावरही उतरण्यापूर्वी दोन्ही घोटे वीस-पंचवीस वेळा वर-खाली हलवा आणि पलंगाशेजारी ठेवलेल्या चपलांत पाय घालूनच उभ्या राहा.

दुसरा ताण पोटरीचा. पोटरीचे स्नायू आखडलेले असले की चालताना घोटा पुढे पुरेसा वाकत नाही आणि ती उणीव तळव्याची कमान सपाट होऊन भरून काढते, म्हणजे पट्ट्यावर जास्तीचा ताण येतो. घोटा कमी वाकणे हे या विकाराशी निगडित असलेल्या महत्त्वाच्या कारणांपैकी एक आहे. तुमच्या घोट्याची स्थिती तपासायची असेल तर भिंतीकडे तोंड करून उभ्या राहा, उजवे पाऊल भिंतीपासून थोडे मागे ठेवा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा प्रयत्न करा. टाच उचलली न जाता पाऊल जास्तीत जास्त किती मागे नेता येते ते अंतर पट्टीने मोजा, मग डाव्या पायाचे मोजा. दोन्ही पायांत दोन-तीन सेंटिमीटरचा फरक निघाला आणि उजवे अंतर कमी असेल, तर या ताणाकडे विशेष लक्ष द्या.

त्यासाठी भिंतीला हात टेकून उजवा पाय मागे आणि डावा पुढे ठेवा. मागच्या पायाचा गुडघा सरळ, टाच जमिनीला घट्ट टेकलेली आणि पाऊल सरळ पुढच्या दिशेने असू द्या. ते बाहेर वळले की ताण पोटरीत जाण्याऐवजी कमानीवर जातो. पुढे झुकून पोटरीच्या वरच्या भागात ताण आला की ३० सेकंद थांबा. हे तीन वेळा झाल्यावर मागचा गुडघा थोडा वाकवून पुन्हा तीन वेळा करा, म्हणजे पोटरीचा खोलवरचा स्नायूही ताणला जातो. दिवसातून दोनदा पुरे. पायरीच्या काठावर उभे राहून टाच खाली सोडण्याचा प्रकार बरेच जण करतात, परंतु दुखणे तीव्र असलेल्या पहिल्या काही आठवड्यांत त्यात पट्ट्यावर एकदम फार भार येतो. मी तो सुरुवातीला सांगत नाही.

ताणाने सकाळ सुसह्य होते, पण दिवसभर उभे राहणाऱ्या माणसाला तेवढ्याने भागत नाही. पट्ट्याला ताकदीचा व्यायामही लागतो, आणि नेमका हाच भाग बहुतेक लोक वगळतात. डेन्मार्कमध्ये झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्णांच्या एका गटाने फक्त ताणाचा व्यायाम केला आणि दुसऱ्याने एका पायावर टाच उचलण्याचा संथ, जड व्यायाम केला. तीन महिन्यांनी दुसऱ्या गटाची स्थिती स्पष्टपणे चांगली होती. वर्षभरानंतर मात्र दोन्ही गटांत फरक उरला नव्हता. ताकदीच्या व्यायामाने लवकर आराम पडतो, असा याचा अर्थ मी घेतो, आणि नोकरीत रोज उभे राहावे लागणाऱ्या व्यक्तीला ते काही महिने फार मोलाचे असतात.

व्यायाम असा: एका टॉवेलची घट्ट गुंडाळी करून ती पायरीच्या काठावर ठेवा आणि तिच्यावर फक्त बोटे येतील, चवडा पायरीवर राहील आणि टाच काठाबाहेर मोकळी राहील अशा रीतीने उभ्या राहा. टॉवेलमुळे बोटे वरच्या दिशेने वाकलेली राहतात आणि टाच उचलताना पट्टा पूर्ण ताणाखाली काम करतो. टॉवेल नसेल तर हा फक्त पोटरीचा व्यायाम होतो. भिंतीला किंवा कठड्याला हात टेकून तोल सांभाळा. ३ सेकंदांत टाच वर न्या, २ सेकंद वर थांबा, ३ सेकंदांत खाली आणा. टाच काठाच्या पातळीखाली मुद्दाम सोडू नका, हे वर सांगितलेच आहे. व्यायाम एक दिवसाआड करायचा. मधला दिवस पट्ट्याला सावरण्यासाठी मोकळा ठेवायचा.

तुमच्या बाबतीत मी पहिले दोन आठवडे दोन्ही पायांवर मिळून १२-१२ वेळांचे तीन फेरे सुचवेन. सकाळचा अंक वाढला नाही तर तिसऱ्या आठवड्यापासून दोन्ही पायांनी वर जा आणि फक्त उजव्या पायावर खाली या. ते जमू लागले की पूर्ण व्यायाम एका पायावर करा. एका पायावर १२ वेळा सहज होऊ लागले, तर पाठीवरच्या पिशवीत पुस्तके भरून वजन वाढवा, इतके की दहावी वेळ कष्टाने होईल आणि अकरावी होणार नाही. मग १० वेळांचे चार फेरे, आणि काही आठवड्यांनी आणखी वजन घेऊन ८ वेळांचे पाच फेरे. व्यायाम करताना तीन-चार अंकांपर्यंत दुखले तरी चालते. अट एकच, की दुसऱ्या सकाळचा अंक वर जाता कामा नये. तो गेला तर व्यायाम सोडू नका, एक पायरी मागे या. बारा झटपट हेलकावे मारून मोकळे होणाऱ्यांना गुण येत नाही, कारण संथपणा हाच या व्यायामाचा गाभा आहे.

पादत्राणांविषयी. सर्वांत मोठा बदल घरात करावा लागतो, कारण कडक फरशीवर अनवाणी किंवा पातळ, सपाट चपलांत काढलेले सकाळ-संध्याकाळचे तास दुखण्यात मोठी भर घालतात. दुखणे पूर्ण जाईपर्यंत घरातही वेगळी जोडी वापरा. बाहेरच्या वापरासाठी बूट किंवा चप्पल निवडताना तीन गोष्टी हातात घेऊन तपासा. टाचेमागचा भाग अंगठ्याने आत दाबा. तो सहज दबला तर ते पादत्राण टाचेला धरून ठेवणार नाही. टाच आणि पुढचे टोक धरून वाकवा. बोटांच्या मुळांपाशी वाकले तर योग्य, कमानीच्या मध्यावर घडी पडली तर नको. दोन्ही टोके धरून कपडा पिळतात तसे पिळून पाहा. सहज पिळले गेले तर ते तुमच्यासाठी फार लवचिक आहे. पट्टा मागे नसलेल्या चपला पायात टिकवण्यासाठी बोटे सतत आवळावी लागतात, म्हणून शाळेत मागे पट्टा असलेले किंवा बंद पादत्राण बरे.

टाच चवड्यापेक्षा थोडी उंच असणे, म्हणजे साधारण एक सेंटिमीटरचा फरक, तुमच्या सोयीचे ठरते, कारण त्यामुळे पोटरीचा आणि पर्यायाने पट्ट्याचा ताण कमी होतो. याहून फार उंच टाचांची गरज नाही. त्यांत बोटांवर वजन येते. फार मऊ म्हणजे चांगले, हा समजही तपासून घ्या: अंगठ्याने दाबल्यावर पूर्ण बसून जाणारा सोल दुकानात सुखद वाटतो, पण वर्गात दोन तास उभे राहिल्यावर पाय त्यात आत कलंडू लागतो. बूट सपाट पृष्ठभागावर ठेवून मागून पाहा. तो एका बाजूला झुकला असेल किंवा टाचेचा सोल एका कडेला झिजला असेल तर वरून कितीही नवा दिसला तरी बदला. आत घालायचे कमानीला आधार देणारे तयार इन्सोल उपयोगी पडतात. पायाचा साचा घेऊन खास बनवून घेतलेले महागडे इन्सोल त्यांच्यापेक्षा वर्षभराच्या हिशेबाने सरस ठरल्याचे अभ्यासांत दिसलेले नाही, त्यामुळे सुरुवात तयार इन्सोलनेच करा. नवे इन्सोल पहिल्या दिवशी तासभर वापरून रोज वेळ वाढवा, नाहीतर कमान दुखते. टाचेखाली घालायची जेलची गादी टेकवतानाचा धक्का कमी करते. ती घालायची तर दोन्ही बुटांत घाला.

सकाळचे चालणे पूर्ण बंद करू नका, पण ते एका तासावरून २० मिनिटांवर आणा आणि शक्य असेल तर उठल्याबरोबर न चालता दिवसात नंतर, पाय सैलावल्यावर चाला. वजन कमी करण्याचा हेतू योग्यच आहे, कारण जास्त वजन आणि टाचदुखी यांचा संबंध पुरेसा सिद्ध आहे. उरलेला वेळ सायकल किंवा पोहण्याला द्या, त्यात टाचेवर भार येत नाही. दोन आठवडे सकाळचा अंक स्थिर राहिला किंवा उतरला की दर आठवड्याला ५ मिनिटे वाढवा. वर्गात सलग उभे राहण्याऐवजी पंधरा-वीस मिनिटांनी थोडे फिरा, आणि विद्यार्थी लेखन करत असतील तेव्हा बसून घ्या. एका जागी खिळून उभे राहणे चालण्यापेक्षा जास्त बाधते, असे रुग्ण नेहमी सांगतात आणि माझाही अनुभव तोच आहे.

आता काळाविषयी. दहापैकी आठ-नऊ रुग्ण शस्त्रक्रियेशिवाय सुमारे वर्षभरात बरे होतात. हा आकडा दिलासा देणारा असला तरी त्यातला ‘वर्षभर’ हा शब्द नीट वाचावा, कारण तीन आठवड्यांत गुण आला नाही म्हणून उपचार बदलत राहणारे लोकच सर्वांत जास्त काळ दुखणे बाळगतात. तुम्ही आजपासून वरील क्रम पाळला, तर माझा अंदाज असा आहे: पहिल्या दोन-तीन आठवड्यांत सकाळचा अंक फारसा उतरणार नाही, पण दुखणे पंधराऐवजी पाच मिनिटांत ओसरू लागेल. सहा ते आठ आठवड्यांत पाचचा अंक तीनच्या आसपास यावा. तीन महिन्यांनी बहुतेक सकाळी एक-दोन असावा आणि शाळेचा दिवस सहज पार पडावा. पूर्ण तासभर चालणे आणि एखाद्या दिवशी अनवाणी फिरणे यांना सहा ते नऊ महिने द्यावे लागतील. सुधारणा सरळ रेषेत होत नाही; शाळेच्या कार्यक्रमाच्या दिवशी आठ तास उभे राहिल्यावर अंक दोन दिवस वर जाईल आणि मग उतरेल. दोन दिवसांत उतरला तर क्रम तसाच चालू ठेवा. आठवडाभर वरच राहिला तर भार कमी करा. आठवड्याची सरासरी काढून मागच्या महिन्याशी ताडून पाहा, रोजच्या आकड्याला फार महत्त्व देऊ नका.

या क्रमाला जोड म्हणून काही गोष्टी थोड्या काळासाठी उपयोगी आहेत. तळव्यावर चिकटपट्टी बांधून घेतल्यास आठवडाभर आराम मिळतो. गार पाण्याची गोठवलेली बाटली पायाखाली दहा मिनिटे फिरवल्याने संध्याकाळचे दुखणे उतरते, पण त्याने आजार लवकर बरा होत नाही. मधुमेह असेल किंवा पायाची संवेदना कमी असेल तर गारवा आणि शेक दोन्ही टाळावेत. रात्री पाऊल काटकोनात धरून ठेवणारा स्प्लिंट सकाळच्या दुखण्यावर चालतो, मात्र झोपमोड होत असल्याने अनेक जण तो महिनाभरात सोडून देतात. सहा आठवड्यांनी अंक हललाच नाही तर मी तो सुचवतो. स्टिरॉइडच्या इंजेक्शनने साधारण महिनाभर चांगला आराम मिळतो, पण नंतर तो टिकेलच असे नाही, आणि पट्टा फाटण्याचा व टाचेखालची चरबीची गादी पातळ होण्याचा धोका त्यात असतो. म्हणून माझ्या मते ते पहिले शस्त्र असू नये, आणि वारंवार तर मुळीच नको. तीन ते सहा महिने व्यायाम खऱ्या अर्थाने करूनही फरक पडला नाही, तर शॉकवेव्ह उपचाराचा, म्हणजे यंत्राने दुखऱ्या जागी ध्वनिलहरींचे धक्के देण्याचा, विचार करता येतो. शस्त्रक्रियेची वेळ फार थोड्यांवर येते, आणि तीही सहा ते बारा महिन्यांच्या उपचारानंतर.

काही लक्षणे दिसली तर यातले काहीही सुरू करण्याआधी डॉक्टरांकडे जा. टाच दोन्ही बाजूंनी तळहातांत धरून दाबल्यावर तीव्र दुखत असेल आणि चालत राहिल्यावर दुखणे उतरण्याऐवजी वाढत असेल, तर हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो. तळव्यात जळजळ, मुंग्या किंवा बधिरपणा असेल आणि तो रात्री स्वस्थ पडल्यावरही त्रास देत असेल, तर घोट्याच्या आतल्या बाजूला नस दबल्याची तपासणी करावी लागते. दोन्ही टाचा एकदम दुखत असतील, सकाळी कंबरही अर्धा तासापेक्षा जास्त आखडत असेल किंवा डोळे वारंवार लाल होत असतील, तर सांध्यांच्या दाहाचा आजार तपासावा. चालताना किंवा धावताना तळव्यात ‘कट्’ असा आवाज येऊन एकदम सूज आणि निळसरपणा आला, तर पट्टा फाटला असण्याची शक्यता आहे आणि अशा वेळी ताण देणे अपायकारक ठरते. सूज, लाली आणि ताप ही तीन लक्षणे एकत्र असतील तर त्याच दिवशी दाखवा.

दुखणे गेल्यावर ताणाचे व्यायाम बंद केले तरी चालतील, पण टॉवेलवरचा टाच उचलण्याचा व्यायाम आठवड्यातून दोनदा पुढेही चालू ठेवा, विशेषतः उन्हाळ्याच्या सुट्टीत. सुट्टीत महिना-दीड महिना उभे राहण्याची सवय सुटते, आणि शाळा उघडताच पहिल्या आठवड्यात पाच-सहा तासांचा भार एकदम पट्ट्यावर येतो; हे दुखणे परत येते ते बहुधा अशाच आठवड्यात.